नॅससाठी हार्ड डिस्क घेताय? मग डेटाशीट अशी वाचा: वर्कलोड, आरपीएम आणि फेल्युअर रेट

नॅससाठी डिस्क घेताना बहुतेक जण डेटाशीट उघडतात, कपॅसिटी बघतात, कॅश २५६ एमबी आहे ना ते बघतात, `6 Gb/s` वाचून खूश होतात आणि पीडीएफ बंद करतात. जरा खोलात जाणारे एमटीबीएफची, म्हणजे दोन बिघाडांमधल्या सरासरी काळाची, ओळ शोधतात, तिथे १० लाख तास लिहिलेलं असतं, भागाकार केला की ११४ वर्षं येतात आणि मग चला टेन्शन मिटलं. दोन्ही चुकीचं आहे. कॅश आणि इंटरफेसच्या आकड्यावरून नॅसमध्ये जवळपास काहीच ठरत नाही, आणि एमटीबीएफ हे एका डिस्कचं आयुष्य नाहीच.

शीटवरचे तीन आकडे कामाचे आहेत: वर्षाला किती टीबीचं काम, किती आरपीएम, आणि वर्षाला किती टक्के डिस्क मरतात. पण ते सुटे सुटे वाचले की घोळ होतो, कारण तिसरा आकडा पहिल्याच्या अटीवर उभा असतो आणि ती अट खाली बारीक टाइपात असते. म्हणून खालचा क्रम मोडू नका, विशेषतः स्वतःचा हिशोब आधी आणि शीट नंतर, हे.

## टप्पा १: सिरीजचं नाव नको, पूर्ण मॉडेल नंबर घ्या

"आयर्नवूल्फ ४ टीबी" किंवा "रेड प्लस ८ टीबी" एवढ्यावर शीट वाचायला बसू नका. एकाच सिरीजमध्ये, एकाच कपॅसिटीत दोन वेगवेगळ्या डिस्क असू शकतात. आयर्नवूल्फ ४ टीबीचंच घ्या, `ST4000VN008` ही ५९०० आरपीएमची आहे आणि नंतर आलेली `ST4000VN006` ही ५४०० ची. दुकानदारासाठी दोन्ही "आयर्नवूल्फ ४ टीबी"च.

याहून महागात पडणारं उदाहरण डब्ल्यूडी रेडचं. २०२० च्या एप्रिलमध्ये उघड झालं की `WD40EFAX` सारख्या २ ते ६ टीबीच्या काही रेड डिस्क एसएमआर आहेत, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या, आणि अनेक डिस्क जोडून केलेल्या `RAID` मधली एक डिस्क गेल्यावर नवीवर डेटा परत उभा करताना, म्हणजे रिबिल्ड करताना, त्या प्रचंड रखडतात. त्या आधीच्या `WD40EFRX` मध्ये ही भानगड नव्हती. शेवटची दोन अक्षरं सोडली तर नाव जवळपास तेच, डब्यावरचा लाल रंगही तोच. त्यानंतरच कंपनीने सीएमआर, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवणाऱ्या, डिस्कसाठी रेड प्लस हे वेगळं नाव काढलं.

तर नंबर असा मिळवा: ऑनलाइन लिस्टिंगमध्ये टायटलवर जाऊ नका, डिस्कच्या लेबलचा फोटो झूम करा किंवा विक्रेत्याला नंबर लिहून मागा. लॅमिंग्टन रोडला प्रत्यक्ष दुकानात घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी डिस्क हातात घेऊन लेबल वाचा, आणि तिथेच मोबाईलवर कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकून वॉरंटी भारतात चालते का ते बघा, कारण बाहेरून आलेल्या मालाची वॉरंटी पुष्कळदा इथे दाखवतच नाही. मग कंपनीच्या साइटवरून त्या नंबरची डेटाशीट पीडीएफ घ्या. विक्रेत्याच्या पानावरचा स्पेसिफिकेशनचा तक्ता म्हणजे डेटाशीट नव्हे, तो कुणीतरी कॉपी-पेस्ट केलेला असतो आणि त्यात तळटीपा कधीच नसतात.

चेक: पीडीएफमधल्या तक्त्यात तुमचा मॉडेल नंबर जसाच्या तसा सापडला का? कपॅसिटीचा कॉलम सापडला पण नंबर वेगळा आहे, तर ती शीट तुमच्या डिस्कची नाही. आणि नंबर सापडल्यावर पुढे प्रत्येक ओळ त्याच कॉलममध्ये वाचा, बोट ठेवून वाचा म्हटलं तरी चालेल. १६ टीबीच्या कॉलममधला वेग आणि ४ टीबीची किंमत, अशी खिचडी करून घेणारे पुष्कळ आहेत.

## टप्पा २: शीट बाजूला ठेवा, आधी स्वतःचं वर्कलोड काढा

हा टप्पा सगळे गाळतात. मग १८० टीबी वर्षाला हा आकडा वाचून "आपलं कुठे एवढं असतंय" म्हणून पुढे जातात. तुम्ही किती फाइली टाकता हे वर्कलोड नव्हे. डिस्कच्या बाबतीत वर्कलोड म्हणजे लिहिलेलं अधिक वाचलेलं, दोन्ही मिळून, आणि ते एका डिस्कवरचं.

वाचणंसुद्धा का मोजतात? कारण लिहिताना आणि वाचताना हेडमधला छोटा हीटर हेडचं टोक फुगवून प्लॅटरच्या अजून जवळ नेतो, आणि झिजण्याचा, घासण्याचा धोका त्याच वेळी जास्त असतो. डिस्क नुसती फिरत असते तेव्हा हेड तुलनेने लांब असतं. एसएसडीमध्ये फक्त लिहिण्याचा हिशोब असतो, तो इकडे लावू नका.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. समजा सांगलीत लग्नाचे फोटो-व्हिडिओ करणारा एक स्टुडिओ आहे, ४ बेचा नॅस, त्यात ८ टीबीच्या चार डिस्क, `RAID 5` म्हणजे रेड ५.

वर्षाला नवीन फुटेज येतं १२ टीबी. रेड ५ मध्ये पॅरिटीही, म्हणजे एक डिस्क गेली तर डेटा परत काढता यावा म्हणून ठेवलेली जादा माहिती, लिहावी लागते, तीन भाग डेटा आणि एक भाग पॅरिटी, म्हणजे १२ टीबीचे एकूण १६ टीबी लिहिले जातात आणि ते चार डिस्कवर वाटले जातात. एका डिस्कवर ४ टीबी.

एडिटिंगसाठी तेच फुटेज परत परत वाचलं जातं, समजा सरासरी पाच वेळा, म्हणजे ६० टीबी. एकदा बाहेरच्या डिस्कवर बॅकअप, अजून १२. एकूण वाचन ७२ टीबी, चार डिस्कवर वाटलं तर एकीवर १८.

इथपर्यंत एका डिस्कचं वर्षाचं काम झालं २२ टीबी. इथेच बहुतेकांचा हिशोब संपतो आणि १८० ची डिस्क म्हणजे आठ पट जास्त वाटते.

आता स्क्रब धरा. नॅस ठरावीक काळाने सगळ्या डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत वाचून पॅरिटी जुळते का ते तपासतो. डेबियनवर एमडी रेड असेल तर ही तपासणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप लागते, तयार नॅसमध्ये शेड्यूल तुम्ही टाकता. एमडी रेडची तपासणी डिस्क किती भरली आहे ते बघत नाही, सगळी वाचते. म्हणजे प्रत्येक डिस्कवर महिन्याला ८ टीबी, वर्षाला ९६. झेडएफएसचं स्क्रब फक्त भरलेला भाग वाचतं, त्यामुळे तिथे अर्धी भरलेली डिस्क असेल तर ४८ धरा.

एकूण ११८ टीबी. म्हणजे २२ चे ११८ झाले, आणि वाढलेलं सगळं काम स्टुडिओने नाही तर नॅसने स्वतःच केलंय.

सावधान: "दर आठवड्याला स्क्रब म्हणजे जास्त सुरक्षित" असं समजून शेड्यूल आठवड्याचं करणारे आहेत. ८ टीबीच्या डिस्कवर ते वर्षाला ४१६ टीबी होतात. फक्त स्क्रबचे. महिन्याला एकदा पुरतं, मोठ्या डिस्कवर दोन-तीन महिन्यांनी एकदासुद्धा चालतं.

कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग असेल तर तेही असंच मोजा. ८ कॅमेरे, प्रत्येकी ४ मेगाबिट, म्हणजे एकूण सेकंदाला ४ एमबी, दिवसाला साधारण ३४६ जीबी, वर्षाला १२६ टीबी. रेड ५ च्या चार डिस्कमध्ये पॅरिटी धरून प्रत्येकीवर ४२ टीबी. पण आरशासारखी दोन डिस्कची रेड १ असेल तर दोन्हीवर पूर्ण १२६ च्या १२६ पडतात, तिथे वाटणी नाही. हे उलटं वाटतं खरं, छोटा नॅस आहे म्हणून साधी डिस्क चालेल असं वाटतं, आणि प्रत्यक्षात छोट्या नॅसमध्येच एकेका डिस्कवर जास्त भार येतो.

## टप्पा ३: आता वर्कलोडची ओळ वाचा

आता शीट उघडा. ही ओळ सीगेटच्या शीटवर `Workload Rate Limit`, डब्ल्यूडीच्या शीटवर `Workload Rate` अशा काहीतरी नावाने असते, युनिट `TB/yr`. साधारण काय दिसेल ते सांगतो. डेस्कटॉपच्या बाराकुडावर ५५. साध्या नॅस सिरीज, म्हणजे आयर्नवूल्फ, रेड प्लस, तिथे १८०. प्रो लावलेल्या सिरीजच्या जुन्या शीटवर ३००, नव्या शीटवर ५५०, आणि डेटा सेंटरच्या डिस्कवरही ५५०.

आपल्या स्टुडिओचे ११८ हे १८० मध्ये बसतात, साधी नॅस सिरीज पुरते, प्रोसाठी जास्तीचे पैसे घालायची गरज नाही. आणि ५५ च्या डेस्कटॉप डिस्कमध्ये बसत नाहीत, अगदी स्टुडिओ वर्षभर बंद ठेवला आणि नुसतं स्क्रब चालू ठेवलं तरी बसत नाहीत.

आता खरी मेख. हा आकडा कपॅसिटीबरोबर वाढत नाही. ४ टीबीच्या डिस्कलाही १८० आणि १२ टीबीच्या डिस्कलाही १८०. ४ टीबीची डिस्क १८० मध्ये ४५ वेळा पूर्ण वाचून होते, १२ ची फक्त १५ वेळा. त्याच स्टुडिओने उद्या १६ टीबीच्या डिस्क घेतल्या आणि मासिक स्क्रब तसंच ठेवलं तर स्क्रबचेच १९२ होतात, वर कामाचे २२, म्हणजे २१४, आणि १८० ची मर्यादा ओलांडली. तिथे दोन पर्याय, एकतर ३०० किंवा ५५० वाली डिस्क घ्या, नाहीतर स्क्रब तीन महिन्यांनी करा, मग ६४ अधिक २२ म्हणजे ८६ वर येता. दुसरा पर्याय फुकट आहे.

ओलांडली म्हणजे काय होतं? डिस्क थांबत नाही, कुठला अलार्मही वाजत नाही. फक्त शीटवरचा फेल्युअरचा आकडा तुम्हाला लागू राहत नाही.

सावधान: हा आकडा वर्षभर चोवीस तास चालू डिस्कच्या हिशोबाने काढलेला असतो. डब्ल्यूडीच्या तळटीपेत सूत्रच दिलेलं असतं: हलवलेले टीबी गुणिले ८७६० भागिले डिस्क चालू असलेले तास. म्हणजे तुम्ही नॅस रोज फक्त ८ तास लावता, वर्षाला २९२० तास, आणि तेवढ्यात ६० टीबीचं काम होतं, तर सूत्राने ते १८० च धरलं जाणार. रात्री नॅस बंद ठेवला म्हणून वर्कलोड कमी झालं असं होत नाही.

चेक: तुमचा आकडा शीटच्या आकड्याच्या दोन तृतीयांशाच्या आत आहे का? एखादं रिबिल्ड, नव्या डिस्कवर डेटा हलवणं, फोटो इंडेक्सिंगसारखी कामं यासाठी एवढी जागा सोडावी, हा माझा अंदाजपंचे नियम आहे, कंपनीचा नाही. ११८ आणि १८०, बसतंय जेमतेम.

## टप्पा ४: आरपीएम, आणि त्यातला "क्लास"

७२०० म्हणजे फास्ट, ५४०० म्हणजे स्लो, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. नॅसमध्ये त्याचा फायदा नेमका कुठे होतो ते आधी बघा.

प्लॅटरला एक फेरी मारायला ५४०० वर ११.१ मिलिसेकंद लागतात, ७२०० वर ८.३. हवा तो सेक्टर हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी वाट बघावी लागते, म्हणजे ५.६ विरुद्ध ४.२. हा दीड मिलिसेकंदाचा फरक हजारो छोट्या फाइली, डेटाबेस, व्हर्च्युअल मशीन, असल्या कामात जाणवतो. मोठ्या फाइली सलग वाचताना-लिहिताना जाणवत नाही, कारण गिगाबिट नेटवर्क सेकंदाला ११०-११५ एमबीच्या पुढे जातच नाही, आणि आजची ५४०० ची एक डिस्कसुद्धा बाहेरच्या ट्रॅकवर त्याहून जास्त देते. चार डिस्कच्या रेडमध्ये तर अडचण नेटवर्कचीच, डिस्कची नाही. घरात किंवा ऑफिसात साधा गिगाबिट राउटर आहे आणि ७२०० साठी जादा पैसे दिले, तर ते पैसे आवाज आणि उष्णता विकत घेण्यात गेले. २.५ किंवा १० गिगाबिट असेल तर वेगळी गोष्ट, आणि तिथेसुद्धा आरपीएमपेक्षा `Sustained` किंवा `Internal transfer rate` वाली ओळ बघा. `6 Gb/s` हा वायरचा वेग आहे, प्लॅटरचा नाही.

आता "क्लास"ची गंमत. काही डब्ल्यूडी डिस्कच्या शीटवर वर्षानुवर्षं `5400 RPM Class` असं लिहिलेलं होतं. २०२० मध्ये लोकांनी डिस्कजवळ माइक ठेवून आवाज रेकॉर्ड केला आणि निघालं की ८ टीबीच्या काही डिस्क प्रत्यक्षात ७२०० वर फिरतायत. कंपनीचं म्हणणं असं की क्लास म्हणजे परफॉर्मन्सची पातळी, फिरण्याचा नेमका वेग नव्हे. आणि `smartctl` मध्येही `Rotation Rate` समोर ५४०० च यायचं, कारण तो आकडा डिस्क मोजून सांगत नाही, तिच्या फर्मवेअरमध्ये जे लिहिलंय तेच दाखवते. नंतरच्या शीटवर काही ठिकाणी खरा आकडा येऊ लागला, `WD80EFPX` ला ५६४० असा विचित्र दिसणारा आकडा आहे तो त्यामुळेच.

म्हणून शीटवर "क्लास" हा शब्द दिसला की आरपीएमची ओळ सोडा आणि त्याच कॉलममध्ये आयडल पॉवर आणि आवाजाच्या ओळी वाचा. खरोखर हळू फिरणाऱ्या डिस्कचे आयडल वॉट शेजारच्या कॉलमपेक्षा स्पष्ट कमी दिसतात. यात एक गोम आहे, मोठ्या कपॅसिटीच्या डिस्कमध्ये हेलियम असतो आणि त्या ७२०० वर फिरूनही कमी वीज खातात, त्यामुळे तुलना जवळच्या कपॅसिटीशी करा. एका डिस्कमागे ३ वॉटचा फरक असेल तर चार डिस्कचे १२ वॉट, वर्षाला साधारण १०५ युनिट. बिलात मोठं काही नाही, पण ती सगळी उष्णता नॅसच्या डब्यात राहते.

चेक (डिस्क हातात आल्यावर): फोनवर फ्रिक्वेन्सी दाखवणारं कुठलंही स्पेक्ट्रम ॲप टाका, डिस्क नुसती फिरत असताना माइक जवळ न्या. ७२०० भागिले ६० म्हणजे १२० हर्ट्झला ठळक रेघ, ५४०० असेल तर ९० ला, ५६४० असेल तर ९४ ला. फक्त १०० हर्ट्झला जी रेघ दिसते ती आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण असते, अडॅप्टर किंवा ट्यूबलाइटची, ती डिस्कची समजू नका.

## टप्पा ५: एमटीबीएफ आणि एएफआर, म्हणजे कळपाचा आकडा

एमटीबीएफ १० लाख तास म्हणजे ही डिस्क ११४ वर्षं चालेल असं नाही. हजार डिस्क एकत्र चालवल्या तर सरासरी दर हजार तासांनी, म्हणजे साधारण दर सहा आठवड्यांनी, त्यातली एखादी जाईल, असा त्याचा अर्थ. तुमची डिस्क त्या हजारातली कितवी हे कुणीच सांगू शकत नाही.

वापरायला सोपा आकडा एएफआर, वर्षाला किती टक्के डिस्क जातात तो. शीटवर नसेल तर स्वतः काढा, ८७६० भागिले एमटीबीएफ. १० लाखाला ०.८८ टक्के, १२ लाखाला ०.७३, २५ लाखाला ०.३५. काही शीटवर फक्त एकच आकडा देतात, एकावर २५ लाख तास आणि दुसरीवर ०.८७ टक्के, मग लोक मोठा दिसणारा आकडा घेतात. दोन्ही एकाच भाषेत आणल्याशिवाय तुलना करू नका.

हे आकडे कंपनीने काही डिस्क जास्त तापमानात, जास्त भारात चालवून आणि गणिताने ताणून काढलेले असतात. प्रत्यक्षात काय होतं हे बघायला बॅकब्लेझचा डेटा आहे, ही क्लाउड बॅकअप कंपनी आपल्या लाखो डिस्कची आकडेवारी जाहीर करते. त्यांच्या सगळ्या डिस्क मिळून एएफआर २०२२ मध्ये १.३७ टक्के, २०२३ मध्ये १.७० आणि २०२४ मध्ये १.५७ होता. त्या बहुतेक डेटा सेंटरच्या डिस्क, वातानुकूलित जागेत, आणि त्यात म्हाताऱ्या डिस्कही धरलेल्या असतात. मी बजेट ठरवताना शीटचा आकडा दुप्पट धरतो.

आता स्टुडिओला हे लावू. चार डिस्क, पाच वर्षं. शीटच्या ०.८७ ने गेलं तर पाच वर्षांत चारातली निदान एक तरी जाण्याची शक्यता १६ टक्के. १.५७ ने गेलं तर २७ टक्के. म्हणजे असे शंभर स्टुडिओ धरले तर पंचवीसेक जणांना पाच वर्षांत डिस्क बदलावी लागणार. आणि जास्त पैसे देऊन ०.३५ वाली प्रो घेतली तर कागदावर ७ टक्के. फरक आहे, नाही असं नाही, पण तो शून्य होत नाही. म्हणून चार प्रो घेण्याच्या बजेटमध्ये चार साध्या आणि वेगळ्या बॅकअपसाठी एक मोठी डिस्क बसत असेल तर मी दुसरं घेईन. प्रोवर सहसा पाच वर्षांची वॉरंटी असते, साध्यावर तीन, हा भाग मात्र मी एएफआरपेक्षा जास्त गंभीरपणे घेतो, कारण चौथ्या वर्षी डिस्क गेली तर बदली डिस्क मिळणं हा प्रत्यक्ष पैशाचा फायदा आहे.

सावधान: २७ टक्क्यांचं हे गणित चारही डिस्क एकमेकींशी संबंध नसल्यासारख्या मरतात असं धरून आहे. एकाच दुकानातून, एकाच दिवशी, लागोपाठच्या सिरीयल नंबरच्या चार घेतल्या आणि एकाच डब्यात एकाच गरमीत चालवल्या की हे गृहीतक ढिलं पडतं. निदान दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्या.

याच्याच आसपास न सुधारता येणाऱ्या वाचन चुकांची ओळ असते, `1 in 10^14` किंवा `10^15` अशी. ही डिस्क मरण्याचा आकडा नाही. १० चा १४ वा घात बिट म्हणजे १२.५ टीबी, आणि त्यावरून "१२.५ टीबी वाचलं की एरर येणारच, रेड ५ रिबिल्ड होणारच नाही" असा बोभाटा होतो. पण ती कंपनीने दिलेली वरची मर्यादा आहे. तसं खरं असतं तर आपल्या स्टुडिओच्या ३२ टीबीच्या प्रत्येक मासिक स्क्रबमध्ये दोन-अडीच एरर यायला हव्या होत्या, आणि ठणठणीत डिस्कवर महिनोन्महिने एकही येत नाही. तुलना करताना एवढंच बघा की `<10 in 10^15` हे दिसायला भारी असलं तरी ते `1 in 10^14` च आहे.

## टप्पा ६: तळटीपा, इथेच अटी असतात

आता एएफआरच्या आकड्यावरचा तो बारीक १, २, ३ बघा आणि खाली जा. तीन गोष्टी शोधा.

एक, वर्कलोड. फेल्युअरचा आकडा कुठल्या वार्षिक वर्कलोडपर्यंत आहे ते. दोन, तास. नॅस डिस्कला ८७६० म्हणजे चोवीस तास बारा महिने, आणि डेस्कटॉप बाराकुडाच्या शीटवर वर्षाला २४०० तास लिहिलेलं दिसेल, म्हणजे दिवसाला साडेसहा तास. तीन, तापमान, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्षित हेच. शीटच्या तक्त्यात ऑपरेटिंग तापमान ६०-६५ अंशांपर्यंत दिसतं, ते बघून लोक निश्चिंत होतात. पण ती डिस्क चालण्याची हद्द झाली. फेल्युअरचा आकडा ज्या तापमानाला काढलाय ते तळटीपेत असतं, आणि कित्येक शीटवर ते डिस्कने स्वतः दाखवलेलं ४० अंश असतं.

मे महिन्यात अकोल्यात किंवा नागपुरात एसीशिवायच्या खोलीत ३८-४० अंश सहज असतात, नॅसच्या डब्यात डिस्क खोलीपेक्षा आठ-दहा अंश गरम राहते, म्हणजे डिस्क ४८-५० वर. ती चालेल, पण शीटचा ०.८७ आता तुमचा नाही. अशा ठिकाणी ७२०० ऐवजी ५४०० घेणं, नॅसचा फॅन "क्वाएट" वरून काढणं आणि तो टीव्हीच्या बंद कपाटातून बाहेर आणणं, हे प्रो डिस्क घेण्यापेक्षा जास्त उपयोगाचं आहे.

चेक: वर्कलोड, तास, तापमान, तिन्हीत तुम्ही अटीच्या आत आहात का? एकातही बाहेर असाल तर एएफआरच्या ओळीवर काट मारा आणि त्या ओळीवरून डिस्क निवडू नका.

## टप्पा ७: तीन-चार महिन्यांनी खरा आकडा काढा

टप्पा २ मधला हिशोब अंदाजाचा होता. डिस्क स्वतः मोजत असते, तिला विचारा. एसएसएचने नॅसमध्ये शिरून (डिस्कचं नाव तुमच्याकडे वेगळं असेल):

```
sudo smartctl -l devstat /dev/sda
```

यात तीन ओळी लागतात: `Power-on Hours`, `Logical Sectors Written` आणि `Logical Sectors Read`. काही सीगेट डिस्कवर हेच `smartctl -A` मध्ये २४१ आणि २४२ नंबरला मिळतं. सेक्टर ५१२ बाइटचा धरायचा, पण `smartctl -i` मध्ये लॉजिकल सेक्टर साइज एकदा बघून घ्या, ४०९६ असेल तर तो धरा, नाहीतर उत्तर आठ पट चुकेल.

समजा आठेक महिन्यांनी स्टुडिओच्या एका डिस्कवर वाचलेले सेक्टर १५,००० कोटी, लिहिलेले २,००० कोटी, आणि तास ६०००. वाचन ७६.८ टीबी, लेखन १०.२ टीबी, मिळून ८७. आता गुणिले ८७६० भागिले ६०००, येतात १२७ टीबी वर्षाला. अंदाज ११८ चा होता, तेव्हा हिशोब बरोबर चालला होता. लिहिलेले १०.२ जास्त वाटत असतील तर त्यात सुरुवातीला रेड तयार करताना आणि जुना डेटा भरताना लिहिलेलं आलं, म्हणूनच पहिल्या महिन्याच्या आकड्यावर घाबरून जाऊ नका.

अंदाजापेक्षा आकडा दुप्पट-तिप्पट आला तर आधी स्क्रबचं शेड्यूल बघा. ते ठीक असेल तर रोज रात्री पूर्ण बॅकअप चालतोय का ते बघा, बदललेल्या फाइलींचाच बॅकअप घ्यायचा असताना सगळं परत वाचणारं सेटिंग राहून गेलेलं असतं. आणि चार डिस्कपैकी एकीचाच आकडा बाकीच्यांपेक्षा खूप वेगळा दिसला तर ती मध्येच बदललेली आहे किंवा नवी म्हणून वापरलेली विकली गेली आहे का ते `Power-on Hours` वरून तपासा. नवीन डिस्कवर पहिल्याच दिवशी काही हजार तास दिसले तर डबा टाकून देऊ नका, बिलासकट परत घेऊन जा.